गोदाम रिकामं, खात्यात मात्र उणे ६,६०० रुपये

कारखान्याच्या गोदामात कच्च्या मालाची नोंद दोन ठिकाणी होते. मालाच्या कप्प्याशेजारी टांगलेल्या बिन कार्डावर भांडारपाल फक्त नग किंवा किलो लिहितो. त्याच मालाची किंमत मात्र हिशेब विभागातल्या भांडार खातेवहीत, म्हणजे स्टोअर्स लेजरमध्ये चढते. त्या पानावर आवक, जावक आणि शिल्लक असे तीन भाग असतात आणि प्रत्येकात परिमाण, दर व रक्कम असे तीन रकाने.

आवकेचा दर पुरवठादाराच्या बिलावरून कळतो. अडचण येते ती जावकेला. एकच माल वेगवेगळ्या दरांनी आलेला असताना कामावर दिलेल्या मालाला कोणता दर लावायचा?

उदाहरणादाखल मोटर वाइंडिंगचा एक छोटा कारखाना घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला तांब्याची तार १०० किलो शिल्लक आहे, दर ८०० रुपये. पाच तारखेला निकड म्हणून २० किलो तार ९८० रुपयांनी घेतली. आठ तारखेला नेहमीच्या पुरवठादाराकडून ८० किलो आली, ८६० रुपयांनी. एकूण २०० किलो आणि खरा खर्च १,६८,४०० रुपये. बारा तारखेला मागणीपत्र आलं आणि ९० किलो तार कामावर गेली.

लिफो पद्धतीत शेवटी आलेला माल आधी गेला असं धरतात. म्हणून आठ तारखेची सगळी ८० किलो आणि पाच तारखेतली १० किलो तार गेली, जावक ७८,६०० रुपये. गोदामात कामगाराने जुनी तार आधी उचलली असेल, तरी हिशेब बदलत नाही. हा क्रम फक्त किंमत ठरवण्यापुरता असतो. भाव चढत असताना कामावर ताज्या दराचा खर्च पडतो, हा याचा फायदा. शिल्लक मात्र जुन्या दराने पडून राहते आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली, तर बाजारभावापासून फार दूर जाते.

हिफो पद्धतीत तारखेऐवजी दर पाहतात. सर्वांत महाग माल आधी: ९८० ची २० किलो आणि ८६० ची ७० किलो, जावक ७९,८०० रुपये. प्रत्यक्ष खर्चावर ठरावीक नफा मिळणाऱ्या कंत्राटांत ही पद्धत सोयीची मानली जाते, कारण महाग माल लगेच वसूल होतो. त्यामुळे उरलेल्या साठ्याची किंमत कमी दिसते आणि नफ्याचा काही भाग त्यात दडून राहतो. प्रत्येक नव्या आवकेनंतर दरांची उतरंड पुन्हा लावावी लागते, म्हणून ती फारशी वापरात नाही.

साधी सरासरी सर्वांत सोपी वाटते. तीन दरांची बेरीज २,६४०, भागिले तीन, म्हणजे ८८० रुपये. ९० किलोचे ७९,२०० झाले. खोट अशी की ९८० च्या २० किलोंना आणि ८०० च्या १०० किलोंना इथे सारखंच वजन मिळतं.

ही खोट पुढच्या जावकेला उघडी पडते. वीस तारखेला आणखी ६० किलो तार गेली. या पद्धतीत दर निवडताना जुना माल आधी संपतो असं धरतात आणि पूर्ण संपलेल्या खेपेचा दर सरासरीतून वगळतात. पहिल्या खेपेतले १० किलो अजून बाकी होते, म्हणून दर पुन्हा ८८०. जावक ५२,८०० रुपये. आता उरलेल्या ५० किलोंवर ३६,४०० रुपये दिसतात, म्हणजे किलोला ७२८. त्या दराने तार कधी घेतलेलीच नव्हती!

महिनाअखेर तेही ५० किलो कामावर गेले. फक्त शेवटची खेप उरली होती, म्हणून दर ८६०, जावक ४३,००० रुपये. माल शून्य झाला आणि खात्यात उणे ६,६०० रुपये राहिले. कामांवर खऱ्या खर्चापेक्षा तेवढीच रक्कम जास्त चढली होती. लिफो आणि हिफोत मात्र शेवटचे ५० किलो ८०० रुपयांनी गेले आणि खातं बरोबर शून्यावर आलं.

दरांइतकंच परिमाणही मोजणारी भारित सरासरी घेतली असती, तर दर ८४२ आला असता आणि हा घोटाळा झाला नसता. भारतातील लेखांकन मानक क्रमांक दोननुसार एकसारख्या मालाच्या साठ्यासाठी फिफो किंवा भारित सरासरीच चालते. आंतरराष्ट्रीय मानकातून २००५ पासून लिफो वगळली गेली. अमेरिकेत ती आजही मान्य आहे. म्हणून लिफो, हिफो आणि साधी सरासरी आपल्याकडे कारखान्याच्या अंतर्गत खर्चाच्या हिशेबापुरत्या आणि अभ्यासक्रमापुरत्या उरल्या आहेत.

साध्या सरासरीचं खातं हाताळणाऱ्याने प्रत्येक जावकेनंतर शिल्लक रकमेला शिल्लक परिमाणाने भागून पाहावं. उत्तर सर्वांत स्वस्त खरेदीच्या खाली किंवा सर्वांत महाग खरेदीच्या वर गेलं, तर त्या साठ्याची किंमत ताळेबंदात घेऊ नये.