ओटीपोटातला पीळ

समजा, 24 वर्षांची एक मुलगी पाण्याची बादली उचलायला वाकते आणि उजव्या ओटीपोटात एकदम कळ येते. पाठोपाठ उलटी. घरचे म्हणतात, "काल बाहेरचं खाल्लंस ना? ओवा चावून खा." तासाभरात दुखणं ओसरतं. दुपारी तीच कळ दुप्पट जोराने परत येते. पुन्हा उलट्या होतात. जुलाब मात्र नाहीत.

हे पोट बिघडल्याचं लक्षण नसून बीजांडकोशाला पीळ पडल्याचं असू शकतं. बीजांडकोश गर्भाशयाच्या बाजूला दोन बंधांवर लोंबत असतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या या बंधांतूनच येतात. त्यावर साधारण 5 सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल, तर वजनाने तो स्वतःभोवती फिरू शकतो. पिळात पातळ भिंतींच्या नीला आधी दबतात. रक्त आत येत राहतं, पण बाहेर पडत नाही; म्हणून बीजांडकोश सुजत जातो. पीळ थोडा सैल झाला की बरं वाटतं, घट्ट झाला की कळ परतते. म्हणूनच मधला आराम फसवा असतो.

गाठ फुटली तरी अशीच अचानक कळ येते, बऱ्याचदा व्यायाम करताना किंवा संबंधांच्या वेळी. सांडलेलं पाणी शरीर बहुधा शोषून घेतं, दुखणं वेदनाशामकांनी हळूहळू उतरतं. पण रक्तस्राव चालू राहिला तर भोवळ येते, घाम सुटतो, खांदाही दुखू लागतो. अशा वेळी क्षणाचाही उशीर नको.

रुग्णालयात पहिल्यांदा लघवीची गर्भचाचणी करतात. मुलगी अविवाहित असली तरी घरच्यांनी त्याचा राग मानू नये. नळीतला गर्भ फुटला तरी असंच दुखतं आणि ते जीवघेणं असतं. मग सोनोग्राफी. त्यात सुजलेला बीजांडकोश आणि गाठ दिसते. रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर तपासणी मात्र नॉर्मल आली तरी पीळ नाही असं ठरत नाही, कारण धमनीतून रक्त अजून येत असू शकतं. अशा वेळी रिपोर्टपेक्षा रुग्णाची कळ आणि उलट्या जास्त बोलतात. संशय दाट असेल तर दुर्बिणीतून आत पाहूनच खात्री करतात.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचा बीजांडकोश दुर्बिणीत काळानिळा दिसतो. तो गेला असं वाटतं, पण पीळ सोडवल्यावर असे बीजांडकोश बहुतेकदा सावरतात. म्हणून तरुण वयात नुसत्या रंगावरून तो काढून टाकत नाहीत. मात्र जितके तास जातात, तितकी ही आशा कमी होते.

अशी कळ आली तर दवाखान्यात जाईपर्यंत काही खायला देऊ नका; भूल द्यावी लागू शकते. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा: कळ किती वाजता सुरू झाली, मध्ये थांबली होती का, शेवटची पाळी कधी आली आणि पूर्वी सोनोग्राफीत गाठ दिसली होती का.