48 हजारांची सोयाबीन, तरी ई-वे बिल लागणार! परराज्यात माल पाठवण्याआधी हा हिशेब बघा

आष्टी (ता. परतूर) : "माल पन्नास हजारांच्या आतला आहे, ई-वे बिल कशाला?" असं म्हणून गाडी भरून सोडणारे छोटे व्यापारी बरेच आहेत. पण माल राज्याबाहेर जाणार असेल, तर हा हिशेब चुकू शकतो.

समजा, आष्टीतल्या एका व्यापाऱ्याने तेलंगणातल्या निजामाबादच्या व्यापाऱ्याला 11 क्विंटल सोयाबीन 4,400 रुपये भावाने विकली. मालाची किंमत झाली 48,400 रुपये. सोयाबीनवर 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 2,420 रुपये कर. एकूण बिल झालं 50,820 रुपये. ई-वे बिलाची मर्यादा करासकट रकमेवर मोजतात. त्यामुळे 50 हजारांची मर्यादा ओलांडली आणि ई-वे बिल बंधनकारक झालं.

हाच माल जालना किंवा लातूरला गेला असता, तर ई-वे बिल लागलं नसतं. महाराष्ट्राच्या आतल्या वाहतुकीसाठी ही मर्यादा 1 लाख रुपये आहे. सवय राज्यातल्या मर्यादेची असते, म्हणून बाहेर माल पाठवताना गफलत होते.

आधी नोंदणी तपासा

करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. त्याला आधी नियमित योजनेत यावं लागतं. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र नोंदणीची सक्ती नाही.

बिलात काय हवं?

कच्ची पावती चालणार नाही, टॅक्स इनव्हॉइस हवं. त्यावर दोघांची नावं, पत्ते आणि जीएसटी नंबर, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, मालाचं नाव, एचएसएन कोड (सोयाबीनचा 1201), वजन, भाव, कराचा दर, कराची रक्कम आणि सही लागते. माल ज्या राज्यात पोचणार त्या राज्याचं नावही लिहावं लागतं.

इथे नेहमीची चूक अशी, की रोजच्या सवयीने सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच टक्के असं लावलं जातं. परराज्यातल्या विक्रीवर सरळ 5 टक्के आयजीएसटी लागतो. बिलाच्या तीन प्रती काढायच्या: पहिली घेणाऱ्याला, दुसरी गाडीसोबत, तिसरी स्वतःकडे.

ई-वे बिल कसं काढायचं?

ewaybillgst.gov.in वर लॉगिन करून आधी भाग 'अ' मध्ये बिलाची माहिती भरायची. भाग 'ब' मध्ये गाडीचा नंबर टाकायचा. गाडीचा नंबर भरेपर्यंत ते ई-वे बिल वाहतुकीसाठी वैध धरत नाहीत. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवा नंबर भरल्याशिवाय पुढे निघू नये.

मुदत अंतरावर ठरते. दर 200 किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस मिळतो. पोर्टलवर अंतर 240 किलोमीटर आलं तर दोन दिवस. गाडीचा नंबर सोमवारी रात्री 8 वाजता भरला, तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो आणि दुसरा बुधवारी मध्यरात्री. उशीर झालाच, तर मुदत संपायच्या आधीच्या 8 तासांत किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घेता येते. माल गेलाच नाही, तर 24 तासांच्या आत ई-वे बिल रद्द करता येतं.

गाडी अडवली तर?

ई-वे बिल नसेल तर अधिकारी माल आणि गाडी, दोन्ही अडकवून ठेवू शकतात. मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे वरच्या उदाहरणात 4,840 रुपये. मालक पुढे आलाच नाही, तर मालाच्या किमतीच्या निम्मी रक्कम किंवा कराच्या दुप्पट, यातली मोठी रक्कम लागते. इथे ती 24,200 रुपये होते. गाडी उभी राहिल्याचं भाडं वेगळंच.

किरकोळ चुकीला मात्र एवढी शिक्षा नाही. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक आहे पण जीएसटी नंबर बरोबर आहे, किंवा गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा चुकला आहे, अशा वेळी माल अडकवून न ठेवता आयजीएसटीखाली 1,000 रुपये दंड घ्यावा, असं केंद्राच्या सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकात म्हटलं आहे. ड्रायव्हरला हे माहीत असलेलं बरं.

तूर-हरभऱ्याचं काय?

लेबल न लावलेल्या मोकळ्या पोत्यांतली तूर किंवा हरभरा करमुक्त आहे, त्याला ई-वे बिल लागत नाही. तरी गाडीत 'बिल ऑफ सप्लाय' असलंच पाहिजे. सोयाबीनही शेतमालच, पण बियाण्याची सोडली तर ती करपात्र आहे. त्यामुळे "शेतमाल आहे" एवढं सांगून नाक्यावर सुटका होत नाही.