जमिनीच्या बदल्यात निष्ठा

सरदार डोक्यावरची टोपी काढतो, कमरेची तलवार सोडून ठेवतो आणि गुडघे टेकून दोन्ही हात जोडतो. समोर बसलेला राजा ते जोडलेले हात आपल्या तळहातांमध्ये धरतो. ‘आजपासून मी तुमचा माणूस,’ असं सरदार म्हणतो आणि मग बायबलवर किंवा संतांच्या अस्थींवर हात ठेवून इमानाची शपथ घेतो. राजा त्याला जमीन देतो, तिच्या रक्षणाची हमी देतो. मध्ययुगीन इंग्लंडची सारी व्यवस्था या हातातल्या हातांवर उभी होती. तिला आपण सरंजामशाही म्हणतो.

आपला हा शब्द आला सरंजामावरून. सरदाराने फौज बाळगावी म्हणून मराठी राज्यात त्याला एखाद्या मुलखाचा महसूल तोडून दिला जाई, तो सरंजाम. लष्करी चाकरीच्या बदल्यात मुलूख, एवढं साम्य दोन्हीकडे आहे. इंग्लंडमध्ये मात्र या देवघेवीतून एकमेकांवरच्या हक्कांची आणि कर्तव्यांची एक साखळीच तयार झाली.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि सगळी जमीन अखेर राजाची, असं ठरवलं. त्याने ती आपल्या मोठ्या सरदारांना आणि मठांना वाटून दिली. 1086 मध्ये गावोगावची शेतं, नांगर, गिरण्या आणि माणसं मोजून ‘डूम्सडे बुक’ नावाची भली मोठी नोंदवही तयार झाली. जमीन देताना प्रत्येकाने किती सशस्त्र घोडेस्वार, म्हणजे नाइट, पुरवायचे तेही ठरलं. पीटरबरोच्या मठाच्या वाट्याला साठ नाइट आले. प्रार्थनेत दिवस घालवणाऱ्या साधूंनी साठ स्वार आणायचे कुठून? मठाने आपल्या जमिनीतले तुकडे तोडून नाइटांना दिले. आता त्या नाइटांनी मठाधिपतीपुढे गुडघे टेकायचे. साखळी अशीच खाली उतरत गेली.

नाइटची चाकरी साधारणपणे वर्षाला चाळीस दिवसांची मानली जाई. घोडा, चिलखत, शस्त्रं हा सगळा खर्च त्याचा स्वतःचा, म्हणून तर त्याला जमीन दिलेली. पण परदेशातली लढाई चाळीस दिवसांत थोडीच संपते? त्यामुळे चाकरीऐवजी पैसे घेण्याची पद्धत रुळली. या पैशाला ‘ढालपट्टी’ म्हणत. त्यातून राजा पगारी सैनिक ठेवी.

धन्याचे इतर हक्कही ठरलेले होते. तो शत्रूच्या कैदेत सापडला, तर त्याच्या सुटकेसाठी नाइटांनी पैसे द्यायचे. त्याच्या थोरल्या मुलाला नाइट करण्याचा समारंभ असो की थोरल्या मुलीचं पहिलं लग्न, तेव्हाही हातभार लावायचा. नाइट वारला, तर जमीन ताब्यात घेण्याआधी वारसाने नजराणा भरायचा. वारस अज्ञान असेल, तर तो वयात येईपर्यंत जमिनीचं उत्पन्न धन्याचं. या बदल्यात धन्याने नाइटच्या जमिनीचं रक्षण करायचं, आपल्या दरबारात त्याला न्याय द्यायचा आणि बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय त्याची जमीन काढून घ्यायची नाही.

आणि या सगळ्यांना पोसत होता तो शेतकरी. यातल्या बांधील कुळाला ‘व्हिलन’ म्हणत. मूळ अर्थ फक्त धन्याच्या वाडीवरचा माणूस. सिनेमातल्या खलनायकाला आपण जो शब्द वापरतो तो याच शब्दातून आला. वरच्या वर्गाच्या तोंडी खेडूत या शब्दाचा अर्थ हलका माणूस, मग दुष्ट माणूस असा घसरत गेला.

पूर्ण वाटा मिळालेल्या कुळाकडे साधारण तीस एकर जमीन असे. तिच्यासाठी त्याने आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या खासगी शेतात राबायचं. सुगीत जादा दिवस, तेही नेमकं स्वतःचं पीक उभं असताना. मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे द्यायचे. तो मेला, की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर धन्याकडे जाई. परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. दळण धन्याच्या गिरणीतच दळायचं आणि त्यातला वाटा द्यायचा.

तरीही तो निव्वळ गुलाम नव्हता. गावाची वहिवाट त्याच्या बाजूने उभी राही. सुगीतल्या जादा कामाच्या दिवशी धन्याने जेवण द्यायचं, कुठे त्यात मांस नि बिअरही, हे ठरलेलं असे. काही गावांत गवत कापणाऱ्याला लांब दांड्याच्या विळ्यावर तोलून उचलता येईल तेवढा भारा घरी नेता येई. दांडा मोडला, तर भारा गेला. कुळाने ठरलेलं काम केलं, तर त्याचं शेत त्याच्याकडे आणि सहसा त्याच्या मुलाकडे राही. तंटे धन्याच्या कचेरीत चालत, पण गावची वहिवाट काय, हे पंच म्हणून गावकरीच सांगत.

करार दोन्ही बाजूंचा होता, मग तो मोडला तर काय होई? इथेच सरदार आणि शेतकरी यांच्यातलं अंतर दिसतं.

नजराणा किती घ्यायचा याला राजा जॉनने धरबंद ठेवला नाही. बॅरनसाठी शंभर पौंड रास्त समजले जात. 1205 मध्ये निकोलस द स्टटव्हिल या वारसाकडून त्याने दहा हजार मार्क, म्हणजे साडेसहा हजारांहून अधिक पौंड कबूल करून घेतले. जॉनने सतरा वर्षांत अकरा वेळा ढालपट्टी लावली. 1214 मध्ये फ्रान्समधल्या फसलेल्या मोहिमेसाठी त्याने ती पुन्हा मागितली, तेव्हा उत्तरेकडच्या बॅरननी साफ नकार दिला. मे 1215 मध्ये बंडखोर बॅरननी राजाला दिलेली निष्ठा रीतसर परत घेतली. धन्याने आपलं कर्तव्य सोडलं, तर शपथ सुटते, ही त्यामागची धारणा. जूनमध्ये मॅग्ना कार्टावर राजाची मोहोर उमटली. त्यात नजराणा शंभर पौंडांवर बांधला गेला आणि राजाने सरदारांना जे दिलं तेच सरदारांनी आपापल्या माणसांना द्यावं, असंही लिहिलं गेलं.

व्हिलनला असं शपथ परत घेण्याचं दार नव्हतं. धन्याने जमीन हिसकावली, तरी त्याच्याविरुद्ध राजाच्या न्यायालयात त्याला दाद मागता येत नसे. सेंट ऑल्बन्सच्या मठाने लोकांची घरातली जाती जप्त केली, कारण घरी दळलं तर गिरणीचं उत्पन्न बुडतं. जात्यांचे ते दगड मठाच्या दिवाणखान्यात फरशी म्हणून बसवले.

1348 मध्ये प्लेग आला आणि निदान तिसरा हिस्सा माणसं मेली. राबणारे हात कमी झाले, तशी मजुरीची किंमत वाढली. 1351 च्या कायद्याने मजुरी जुन्याच दराला बांधण्याचा प्रयत्न केला आणि असंतोष साचत गेला. वर नव्या डोईपट्टीचा बोजा पडला आणि 1381 मध्ये शेतकरी उठले. जागोजाग त्यांनी धन्याच्या कचेरीची दप्तरं जाळली, कारण त्यांची बांधिलकी त्याच कागदांत होती. बंड चिरडलं गेलं, राजाने दिलेली वचनं फिरवली. पण राबणारे हात दुर्मीळच राहिले आणि पुढच्या शंभर वर्षांत बांधील कुळं हळूहळू खंडकरी झाली.

त्या उठावात सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले, तेव्हा त्यांनी दिवाणखान्याची फरशी उखडली. जात्यांचे दगड बाहेर काढले, फोडले आणि चर्चमधल्या प्रसादाच्या पावासारखे तुकडे करून आपसांत वाटून घरी नेले.