भांडणानंतरचा पहिला मेसेज

समजा, एकाला घर बदलायचं आहे. मित्राची गाडी आणि मदत त्यानं गृहीत धरली आहे. टेम्पो कधी मिळतो ते कळलं की सांगतो, एवढंच बोलणं झालंय. शुक्रवारी रात्री उशिरा टेम्पो ठरतो. तो मित्राला मेसेज करतो, ‘उद्या सकाळी दहाला ये.’ तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. त्याच्या डोक्यात शनिवार असतो. मित्र हा मेसेज शनिवारी सकाळी आठला, चहा पिताना वाचतो आणि रविवार धरून चालतो. दहा वाजता टेम्पो दारात उभा, सामान जिन्यात आणि मित्राचा पत्ता नाही. मग फोन होतो. ‘तुझ्यावर विसंबलो हेच चुकलं,’ असं एक म्हणतो. ‘तू नेहमीच मला गृहीत धरतोस,’ असं दुसरा. फोन कट.

आता पहिला मेसेज कोणीतरी करायला हवा. बहुतेक वेळा तो असा जातो: ‘तुझा गैरसमज झाला होता, जाऊ दे, विसरून जा.’ लिहिणाऱ्याला वाटतं, आपण समजूतदारपणा दाखवला. वाचणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की, चूक आपल्या नावावर टाकून विषय बंद केलाय. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ या वाक्याचंही तेच होतं. वाईट वाटणं हीच जणू समोरच्याची चूक ठरते.

गैरसमज दोघांच्या मधल्या जागेत झालेला असतो, म्हणून ती जागा शोधून तिच्यावरच बोट ठेवावं. त्यासाठी फोनवरचे कडू शब्द आठवत बसण्यापेक्षा मूळ मेसेज उघडून त्याची वेळ पाहणं उपयोगाचं. त्यातून हाती लागतं ते दोघांनाही तपासता येईल असं असतं. मात्र स्क्रीनशॉट पाठवू नये. तो पुरावा सादर केल्यासारखा वाटतो. मग असं काही लिहिता येईल:

‘काल फोनवर आपलं बरंच वाजलं. नंतर मी माझा मेसेज परत पाहिला. तो रात्री बारा वाजून गेल्यावर पाठवला होता आणि त्यात मी “उद्या” लिहिलं होतं. माझ्या मनात शनिवार होता. तू सकाळी वाचला असशील तर तुला रविवार वाटला असणार, असं मला वाटतं. तसंच झालं का? टेम्पो उभा असताना माझी फार तारांबळ उडाली, त्या भरात मी बोललो. तुलाही काही लागलं असेल, ते मला ऐकायचंय. बुधवारी संध्याकाळी चहाला भेटूया? नको असेल तर तुला जमेल तो दिवस सांग.’

यात ‘तू असं केलंस’ असं एकही वाक्य नाही. मित्राला काय वाटलं असेल, याचा अंदाज आहे, पण त्यापुढे प्रश्न आहे. निकाल दिलेला नाही. स्वतःची अवस्था सांगितली आहे आणि तिच्यामागे ‘पण तूही...’ आलेलं नाही. ‘नेहमी’ हा शब्दही नाही, कारण तो आला की एका सकाळचं भांडण साऱ्या वर्षांच्या मैत्रीवर पसरतं. शेवटची मागणी छोटी आहे: एक भेट, तीही नाकारता येईल अशी.

खुलासे मात्र भेटीवर ठेवावेत. लिहिलेल्या शब्दांतून सूर पोचतोच असं नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. ईमेलमधलं वाक्य उपरोधानं लिहिलंय की मनापासून, हे समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळाच ओळखलं गेलं. भांडणानंतर तर मन आधीच दुखावलेलं असतं, त्यामुळे साधं वाक्यही टोमण्यासारखं वाचलं जाऊ शकतं. म्हणून मेसेज तीन-चार ओळींत मावत नसेल, तर समजावं की आपण भेटीतलं बोलणं आधीच उरकायला निघालोय.

याला मर्यादाही आहे. मित्रानं जाणूनबुजून फसवलं असेल किंवा पुन्हा पुन्हा अपमान केला असेल, तर त्याला गैरसमजाचं नाव देऊ नये. तिथे स्पष्ट तक्रारच करावी लागते. उत्तर लगेच आलं नाही, निळ्या खुणा दिसूनही आलं नाही, तर दुसरा मेसेज धाडू नये. त्यालाही शांत व्हायला वेळ लागतो.

कधी उत्तर वेगळंच येतं: ‘दिवस मला बरोबर कळला होता. पण गाडी आहे का, मला वेळ आहे का, हे तू एकदाही विचारलं नाहीस.’ अंदाज चुकला म्हणून इथे खट्टू होऊ नये, आणि मेसेजवर वादही घालू नये. खरं दुखणं उद्यामध्ये नव्हतंच, हे आता कळलं. बुधवारी बसल्यावर आधी त्याला हेच सविस्तर बोलू द्यावं. टेम्पोची गोष्ट नंतर.