कोऱ्या यंत्रावर जुना संगणक

संगणकाची सिस्टिम इमेज म्हणजे त्याच्या डिस्कचा एका विशिष्ट क्षणी घेतलेला संपूर्ण ठसा. त्यात फक्त दस्तऐवज नसतात. विंडोज, बसवलेली सॉफ्टवेअर, त्यांची सेटिंग, पासवर्डसह वापरकर्त्यांची खाती आणि संगणक सुरू करून देणारे छोटे विभागही त्यात असतात. हा ठसा रिकाम्या डिस्कच्या यंत्रावर उतरवून जुना संगणक जसाच्या तसा उभा करणे म्हणजे बेअर मेटल रिस्टोर. नव्या यंत्रावर आधी विंडोज बसवावे लागत नाही, म्हणून हे नाव.

त्याच यंत्रात नवी डिस्क घालून इमेज उतरवली, तर सहसा काही अडत नाही. यंत्रच वेगळे असले की अडचण येते, आणि ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येते. समजा, एका हिशेबनिसाच्या कार्यालयातील डेस्कटॉपचा मदरबोर्ड जळाला. त्यात साटा जोडणीची ५०० जीबीची एसएसडी होती आणि तिच्यावर १८० जीबी मजकूर होता. आदल्या रात्रीची इमेज बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सुखरूप आहे. नवा संगणक इंटेलच्या बाराव्या पिढीचा असून त्यात १ टीबीची एनव्हीएमई डिस्क आहे.

नवा संगणक रेस्क्यू पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. या पेनड्राइव्हवर छोटे विंडोज असते. ते थेट मेमरीत उतरते आणि तिथूनच चालते. इथेच पहिला धक्का बसतो. इमेजची यूएसबी डिस्क दिसते, पण ती जिच्यावर उतरवायची ती एनव्हीएमई डिस्क यादीतच नसते. डिस्क खराब निघाली असे वाटते, पण बायोसच्या पडद्यावर ती नीट दिसत असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक संगणकांत डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. त्याच्याशी बोलायला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो छोट्या विंडोजमध्ये नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो आधी उतरवून, `.inf`, `.sys` आणि `.cat` फायली सुट्या करून पेनड्राइव्हवर ठेवलेला असेल, तर एक आज्ञा पुरते:

```
drvload E:\vmd\iaStorVD.inf
```

डिस्क आता दिसू लागते आणि इमेज उतरवता येते. यूएसबी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी देत असेल, तर १८० जीबीला अर्धा तास लागतो. काम झाल्याचा संदेश येतो, संगणक पुन्हा सुरू होतो, विंडोजचे चिन्ह उमटते आणि लगेच निळा पडदा येतो: `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`.

इमेज खराब निघाली असे समजून पुन्हा उतरवायला घेतले, तर आणखी अर्धा तास वाया जातो आणि तोच पडदा परत येतो. त्याचे कारण संगणक सुरू होण्याच्या क्रमात आहे. सुरुवातीचा काही काळ डिस्क वाचण्याचे काम मदरबोर्डवरचे फर्मवेअर करते. बूट लोडर, विंडोजचा गाभा आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणले जातात, तेही फर्मवेअरच्या आधाराने. मग विंडोजचा गाभा सूत्रे हाती घेतो आणि इथून पुढे त्याला डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने वाचावी लागते. जुन्या संगणकात व्हीएमडी नव्हते, म्हणून इमेजमधल्या विंडोजकडे तो ड्रायव्हरच नाही. ज्या डिस्कवरून ते क्षणापूर्वी मेमरीत आले, तीच आता त्याला दिसत नाही. `drvload` ने दिलेला ड्रायव्हर फक्त मेमरीतल्या छोट्या विंडोजला मिळाला होता, आणि पुन्हा सुरू होताना तो त्याच्यासोबत गेला. ड्रायव्हर दोनदा द्यावा लागतो, ही गोष्ट अनुभवी तंत्रज्ञांच्याही ध्यानातून निसटते.

दुसऱ्यांदा तो द्यायचा, तो डिस्कवर उतरवलेल्या पण अजून झोपलेल्या विंडोजला. त्यासाठी परत पेनड्राइव्हवरून सुरू करून, वर दिलेली `drvload` ची आज्ञा पुन्हा चालवून, ही आज्ञा द्यायची:

```
dism /Image:D:\ /Add-Driver /Driver:E:\vmd /Recurse
```

या आज्ञेत `D:` आहे याकडे लक्ष हवे. रेस्क्यू विंडोजमध्ये ड्राइव्हची अक्षरे बदलतात, आणि नेहमीची `C:` इथे `D:` किंवा आणखी काही असू शकते. आत `Windows` आणि `Users` ही फोल्डरे दिसतात ना, हे पाहूनच आज्ञा द्यावी. नंतर `dism /Image:D:\ /Get-Drivers` च्या यादीतून नव्या ड्रायव्हरचे `oemN.inf` असे नाव घेऊन `dism /Image:D:\ /Get-DriverInfo /Driver:oemN.inf` चालवले, की `Boot Critical` पुढे `Yes` दिसले पाहिजे. याचा अर्थ तो आता सुरुवातीलाच मेमरीत येणाऱ्यांच्या यादीत गेला. पडदा, नेटवर्क, ध्वनी यांच्या ड्रायव्हरची काळजी या टप्प्यावर करू नये. विंडोज एकदा उभे राहिले, की ते बाकीचे हार्डवेअर ओळखते, आणि राहिलेले ड्रायव्हर सावकाश बसवता येतात.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा पर्याय काही संगणकांत असतो. तसे केले, की डिस्क साधी एनव्हीएमई म्हणून समोर येते आणि तिचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मुळातच असतो. तरीही कधी कधी तोच निळा पडदा येतो, कारण जुन्या यंत्रात गरज नसल्याने विंडोजने तो ड्रायव्हर सुरुवातीच्या यादीतून वगळलेला असतो. अशा वेळी एकदा सेफ मोडमध्ये सुरू केले, तर पुष्कळदा काम होते.

निळा पडदा येण्याआधी विंडोजचे चिन्ह दिसले का, हे आवर्जून पाहावे. दिसले, तर बूट लोडर ठीक आहे आणि दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता मोठी. चिन्ह न दिसता सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नसल्याचा संदेश आला, तर बिघाड त्याआधीचा आहे: सुरुवातीच्या फायली ठेवणारा ईएफआय विभाग नीट उतरला नाही, किंवा फर्मवेअरला तो सापडत नाही. त्या विभागाला `diskpart` मधून `S:` हे अक्षर देऊन त्या फायली नव्याने लिहाव्या लागतात:

```
bcdboot D:\Windows /s S: /f UEFI
```

जुना संगणक बायोस पद्धतीचा आणि नवा फक्त यूईएफआय चालवणारा असेल, तर एवढ्याने भागत नाही, कारण डिस्कच्या विभागणीची पद्धतच वेगळी असते. विंडोजची स्वतःची इमेज सुविधा अशा यंत्रावर उतरायलाच नकार देते. उतरवून देणारे दुसरे सॉफ्टवेअर वापरून, त्यानंतर `mbr2gpt` ने विभागणी बदलता येते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून आहे.

वरच्या उदाहरणातला संगणक एव्हाना सुरू झालेला असतो, पण १ टीबीच्या डिस्कवर `C:` जुन्याच मापाची दिसते. उरलेली जागा शेवटी मोकळी पडलेली असते आणि ती `C:` ला जोडता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरीचा छोटा विभाग असतो. तो आधी हलवावा किंवा काढावा लागतो. मदरबोर्ड बदलल्याने विंडोज पुन्हा सक्रिय करायला सांगते. परवाना जुन्या यंत्रासोबत विकत आलेला असेल, तर तो नव्या यंत्राला लागू होत नाही आणि नवा घ्यावा लागतो. जुन्या डिस्कवर बिटलॉकर होते, पण इमेज चालू विंडोजमधून घेतली होती, तर इमेजमधला मजकूर सहसा उघडाच असतो. हिशेबनिसाच्या यंत्रावर ग्राहकांची कागदपत्रे असतात, म्हणून काम संपण्याआधी नव्या डिस्कवर बिटलॉकर पुन्हा चालू करावे, आणि इमेज ठेवलेली यूएसबी डिस्कही कुलपात ठेवावी.