कपॅसिटर बदललात, तर कॉम्पेन्सेटरही बदला

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत जसे रासायनिक कारखाने आहेत, तशा कारखान्यांत नियंत्रण पॅनेलचा पुरवठा बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि आतल्या कार्डांवरच्या चिपना ५ व्होल्ट लागतात. हा उतार बक कन्व्हर्टर करतो. त्याच्या आउटपुटवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो आणि दुरुस्तीच्या वेळी त्याच्या जागी टिकाऊ सिरॅमिक कपॅसिटर बसवावासा वाटतो. पण कॉम्पेन्सेटर तोच ठेवून हा बदल केला, तर उत्तम भाग लावूनही पुरवठा डोलू लागतो.

याचं कारण स्मॉल-सिग्नल ट्रान्स्फर फंक्शनमध्ये आहे. मिडलब्रूक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्विचच्या उघडझापीची सरासरी घेतात आणि ड्यूटी किंचित हलवली तर आउटपुट किती हलतं ते पाहतात:

```
Gvd(s) = Vin (1 + s·ESR·C) / (1 + s/(Qω0) + s²/ω0²)
```

छेदातला भाग इंडक्टर व कपॅसिटरचा दुहेरी पोल. तो फेज १८० अंश मागे ओढतो. अंशातला झिरो कपॅसिटरच्या अंतर्गत रोधामुळे, म्हणजे ईएसआरमुळे येतो आणि फेज सावरतो. ४७ मायक्रोहेन्री, ४७० मायक्रोफॅरड आणि ०.१ ओहम ईएसआर धरला, तर पोल सुमारे १.१ किलोहर्ट्झला आणि झिरो ३.४ किलोहर्ट्झला येतो. २० किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला फेज उणे १०० अंशांच्या आसपास राहते, म्हणून साधा टाइप-२ कॉम्पेन्सेटर ६५ अंशांचं फेज मार्जिन देऊ शकतो. आता ४७ मायक्रोफॅरडचा, ५ मिलिओहमचा सिरॅमिक लावा. पोल ३.४ किलोहर्ट्झला सरकतो आणि झिरो जवळपास ६८० किलोहर्ट्झला निघून जातो. तोच टाइप-२ कायम ठेवला तर क्रॉसओव्हर सुमारे २६ किलोहर्ट्झला येतो आणि मार्जिन शून्याखाली जातं. ऑसिलोस्कोपवर आउटपुट न थांबता हेलकावताना दिसतं. इथे टाइप-३ हवा: दोन झिरो ३.४ किलोहर्ट्झच्या जवळ, दोन पोल १०० किलोहर्ट्झच्या जवळ. मग २० किलोहर्ट्झला मार्जिन ५० अंशांच्या घरात येतं.

कुणी म्हणेल, लूप संथ करा, प्रश्न मिटेल. नुसत्या इंटिग्रेटरने स्थैर्य मिळतं खरं, पण क्रॉसओव्हर पोलच्या बराच खाली ठेवावा लागतो आणि लोड अचानक वाढला की व्होल्टेज खोल जाऊन उशिरा सावरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. करंट-मोड नियंत्रणात इंडक्टर करंट-स्रोतासारखा वागतो, दुहेरी पोल विरतो आणि टाइप-२ पुरतो. हे बरोबर आहे, पण ती सोय कन्व्हर्टरच्या नियंत्रक चिपमध्येच असावी लागते. शिवाय तिथेही मुख्य पोल आउटपुट कपॅसिटरनेच ठरतो, म्हणजे गणित पुन्हा करावंच लागतं. म्हणून दुरुस्तीनंतर मीटरवर ५ व्होल्ट दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. लोड अर्ध्यावरून पूर्ण करून लहर पाहावी. एखाद्या हेलकाव्यात ती शमली तर मार्जिन पुरेसं आहे. अनेक हेलकावे घेत राहिली तर कॉम्पेन्सेटर त्या कपॅसिटरसाठी नाही.