तक्रारीचा ईमेल : वेब होस्टिंग कंपनीला कसा लिहावा? (प्रत्यक्ष लिहिलेल्या ईमेलसह)



तक्रारपत्र आपण वर्गात शिकवतो ते बहुतेक पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे नाहीतर न आलेली पुस्तकं यांचं. आज जरा वेगळं तक्रारपत्र घेऊया. हे खरोखर लिहिलेलं आहे, आणि त्याचा पहिला खर्डा मीच फाडायला लावला होता.

माझी मावसबहीण डी.एड. झालेली आहे. लेकरू लहान असल्याने सध्या घरीच असते. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका ती स्वतः तयार करते आणि आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ९९ रुपयांना संच विकते. स्पष्टीकरणाचे लेख मोफत असतात. परीक्षा फेब्रुवारीत, त्यामुळे वर्षभराची विक्री मुख्यतः जानेवारीत होते, तीही संध्याकाळी सात ते अकरा या वेळात, पालक कामावरून आल्यावर. आणि यंदा नेमकं जानेवारीतच तिचं संकेतस्थळ चार वेळा बंद पडलं.

होस्टिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपलं संकेतस्थळ ज्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेलं असतं त्याची जागा आपण भाड्याने घेतो. तिचं भाडं वर्षाला ३५८८ रुपये, म्हणजे महिन्याला २९९. एकाच सर्व्हरवर इतर अनेकांची संकेतस्थळंही असतात. चाळीतली खोलीच म्हणा ना! एका घरात पाण्याचा नळ उघडा राहिला की वरच्या मजल्यावर थेंब येत नाही.

चौथ्यांदा बंद पडल्यावर तिने रात्री ईमेल लिहिला आणि मला वाचायला पाठवला. "तुमची सेवा अत्यंत भिकार आहे. माझे हजारो रुपयांचे नुकसान झाले. सगळे वाचक गेले. ताबडतोब भरपाई द्या, नाहीतर कोर्टात खेचीन." राग खराच होता. पण कंपनीत हा ईमेल ज्याच्या हातात पडेल त्याच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. कधी बंद पडलं? किती वेळ? पडद्यावर काय दिसलं? हे कळल्याशिवाय तो बिचारा "तपासून पाहिले, सध्या संकेतस्थळ सुरू आहे" एवढंच उत्तर देणार. तिला तेच उत्तर दोनदा आलंही होतं.

मग आम्ही रविवारी बसलो आणि आधी पुरावा मांडला.

पहिल्यांदा, ६ जानेवारीला, तिच्याकडे काहीच नोंद नव्हती. पण दोन आयांनी "ताई, साइट बंद केली का?" असं विचारत पडद्याचे फोटो पाठवले होते. पहिला फोटो ७:४० चा, शेवटचा ९:२५ चा. बंद त्याआधीही असेल, नंतरही असेल. पण सिद्ध करता येतात ती १०५ मिनिटंच, म्हणून तेवढीच धरली. दुसऱ्या दिवशी तिने अपटाइम मॉनिटर लावला. ही एक सेवा असते. दर पाच मिनिटांनी आपल्या संकेतस्थळावर जाऊन बघते आणि उत्तर आलं नाही की वेळेसकट नोंद करून ईमेल पाठवते. मोफत मिळते. पाच मिनिटांनी एकदा पाहते म्हणजे नोंदीत पाच मिनिटं इकडेतिकडे होणार, हे मात्र लक्षात ठेवायचं.

इथे एक गंमत झाली. मॉनिटरच्या यादीत १३ जानेवारीची वेळ दुपारी २:३५ दिसत होती. ती म्हणाली, "दादा, दुपारी तर मी स्वतः लेख टाकत होते!" मॉनिटर जागतिक वेळ दाखवत होता. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली रात्रीची ८:०५ येते. ही दुरुस्ती न करता यादी पाठवली असती तर कंपनीच्या नोंदींशी ती जुळली नसती आणि आपणच खोटे ठरलो असतो. म्हणून वेळेपुढे 'भारतीय वेळ' असं लिहायचंच.

दुसरा मुद्दा पडद्यावरच्या संदेशाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या तिन्ही वेळा `503 Service Unavailable` असं आलं होतं. म्हणजे सर्व्हरपर्यंत मागणी पोहोचली, पण त्या क्षणी तो ती पुरवू शकत नव्हता. चौथ्या वेळी, २४ जानेवारीला, मात्र `508 Resource Limit Is Reached` दिसलं. याचा अर्थ वेगळा. आपल्या खोलीला जेवढी वीज ठरलेली, ती आपणच संपवली. तिने कंपनीच्या नियंत्रण-पानावर `Resource Usage` उघडून पाहिलं, तर त्या संध्याकाळी तिच्याच खात्याची रेघ मर्यादेला टेकलेली होती. ६, १३ आणि १९ तारखेला ती खालीच होती. तिला आठवलं, त्याच दिवशी तिने सगळ्या पानांचे फोटो लहान करणारं एक प्लगइन चालू करून ठेवलं होतं.

मी म्हटलं, चौथी घटना काढून टाक. तिला ते पटेना. चारचे तीन कशाला करायचे? पण कंपनीने तीच एक घटना उचलून "चूक तुमच्या खात्याची आहे" असं लिहिलं असतं आणि बाकीच्या तिन्ही तिच्याखाली झाकल्या गेल्या असत्या. उलट आपण स्वतः ती वगळली की उरलेल्या तीनवर बोलणं भाग पडतं. प्लगइन तिने बंद केलं.

आता हिशोब. तो पाचवीच्या मुलालाही जमेल. कंपनीची हमी ९९.९ टक्के. जानेवारीचे ३१ दिवस म्हणजे ४४,६४० मिनिटं. त्याचा ०.१ टक्का म्हणजे जेमतेम पाऊण तास; महिन्यात एवढाच वेळ बंद राहण्याची मुभा. प्रत्यक्षात ६ तारखेला १०५, १३ ला ४५ आणि १९ ला २२० मिळून ३७० मिनिटं बंद. म्हणजे चालू राहिलं ९९.१७ टक्के. वर्गात ९९.१७ गुण मिळाले तर आपण पेढे वाटू, पण इथे हा आकडा सहा तासांहून जास्त अंधाराचा आहे, आणि तो सगळा गिऱ्हाइकाच्या वेळेतला.

नुकसान किती? बंद नसलेल्या जानेवारीतल्या संध्याकाळी तिला सात ते अकरामध्ये सरासरी आठ मागण्या येत होत्या, तासाला दोन. सहा तासांच्या सुमारे बारा, म्हणजे १,१८८ रुपये. "हजारो रुपये" कागदावर हजाराच्या थोडे वर उतरले, आणि ती जरा हिरमुसलीच. पण हा आकडा कोणालाही तपासता येतो. वाचकांचं नुकसान मोजायला १९ तारीख उपयोगी पडली. त्या दिवशी सात वाजता तिने पालकांच्या गटांवर नव्या लेखाची लिंक टाकली होती आणि साडेसातला सगळं बंद. एरवी अशा लिंकवरून दोन दिवसांत साधारण १६० जण येतात. या वेळी ४१ आले. बंद दार पाहून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येईलच असं नाही, हे या दोन आकड्यांत दिसतं.

शेवटी मागणी. यासाठी कंपनीच्या अटी वाचाव्या लागल्या, आणि तिथे खरी मेख होती. हमी पाळली नाही तर त्या महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के रक्कम पुढच्या बिलात वळती होणार, तीही महिना संपल्यापासून ३० दिवसांत मागितली तर. बुडालेल्या विक्रीची जबाबदारी कंपनीवर नाही, हेही तिथेच लिहिलेलं. अशी कलमं होस्टिंगच्या अटींमध्ये सर्रास असतात. म्हणजे हक्काने मिळणार किती? तीस रुपये! तीस रुपयांसाठी भांडायचं नाही हे ठरलं, पण तीस रुपये मागायचे हेही ठरलं. कारण ते दिले म्हणजे हमी मोडल्याचं कंपनीने लेखी मान्य केलं. खरी मागणी दुसरीच होती : परीक्षेच्या आधी संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवा.

ईमेल इंग्रजीत पाठवला. मराठीत तो असा :

विषय : (संकेतस्थळाचे नाव) – जानेवारीत तीन वेळा बंद, दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची विनंती

महोदय,
माझे वरील संकेतस्थळ आपल्या सर्व्हरवर आहे. जानेवारीत ते पुढील वेळी बंद होते (सर्व वेळा भारतीय) :
६ जानेवारी, सायं. ७:४० ते रात्री ९:२५
१३ जानेवारी, रात्री ८:०५ ते ८:५०
१९ जानेवारी, सायं. ७:३० ते रात्री ११:१०
तिन्ही वेळा 503 हा संदेश दिसत होता. या वेळांत माझ्या खात्याचा वापर मर्यादेच्या आत होता. त्याचा आलेख, मॉनिटरची नोंद आणि पडद्याची चित्रे जोडली आहेत. २४ जानेवारीचा अडथळा माझ्या खात्यातील प्लगइनमुळे होता, तो मी या तक्रारीत धरलेला नाही.
एकूण ३७० मिनिटे, म्हणजे महिन्यातील उपलब्धता ९९.१७ टक्के होते. आपली हमी ९९.९ टक्के आहे. याच वेळांत माझी अंदाजे १,१८८ रुपयांची विक्री बुडाली आणि १९ तारखेला नेहमीच्या सुमारे १६० वाचकांऐवजी ४१ आले. अटींनुसार विक्रीची भरपाई मिळत नाही याची मला कल्पना आहे. परिणाम समजावा म्हणून हे लिहिले.
माझ्या विनंत्या : तिन्ही घटनांचे कारण लेखी कळवावे, ७ फेब्रुवारीपूर्वी संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे, अटींनुसार जानेवारीची १० टक्के रक्कम वळती करावी. हलवणे शक्य नसल्यास उरलेल्या मुदतीचे भाडे परत करावे.
यापूर्वीच्या दोन तक्रारींचे क्रमांक सोबत आहेत.
आपली,
(नाव, ग्राहक क्रमांक)

महिना संपल्यावर, १ फेब्रुवारीला सकाळी, तो गेला. ज्या ईमेलवर खातं नोंदवलेलं आहे तिथूनच पाठवायचा, नाहीतर ओळख पटवण्यातच दोन दिवस जातात. पासवर्ड कधीही लिहायचा नाही, मागितला तरी नाही. आणि पाठवण्याआधी संपूर्ण संकेतस्थळाचा बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा. भांडण वाढलं आणि निघायची वेळ आली तर सामान आपल्या हातात असलेलं बरं.

पहिलं उत्तर ठरावीक छापाचंच आलं. तिने त्याच ईमेलला उत्तर देत "वरील तीन विनंत्यांपैकी एकाचेही उत्तर यात नाही" एवढी एकच ओळ लिहिली. तिसऱ्या दिवशी वरिष्ठाचं उत्तर आलं : सर्व्हरवरच्या दुसऱ्या एका खात्यामुळे ताण येत होता, तुमचं खातं हलवत आहोत. ५ तारखेला ते हललं. तीस रुपये वळते झाले, मुदत दोन महिन्यांनी वाढवून दिली, विक्रीची भरपाई अर्थातच नाही. उत्तर आलंच नसतं तर पुढची पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आम्ही काढून ठेवला होता; तो लागला नाही.

आता गटावर लिंक टाकण्याआधी ती मॉनिटर एकदा उघडून बघते. जूनमध्ये त्याच कंपनीचं नूतनीकरण करायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.